मदत हवी आहे: अंतरिम संरक्षण आदेश 'पुढील तारखेपर्यंत', मग तारीख बुडाली तर?

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या एका ताईंना कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश मिळालाय. नवऱ्याने मारहाण करायची नाही, फोन करायचा नाही, कामाच्या ठिकाणी जायचं नाही. मुदत 'पुढील तारखेपर्यंत'. त्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. नुसती नवी तारीख पडली, मुदतवाढीचा उल्लेख रोजनाम्यात नाही.

आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे त्यांना सांगितलंय. आदेश फक्त नवऱ्यावर आहे, सासूच्या फोनवर नाही, हेही. (हे पटवायलाच जास्त वेळ गेला.) घरातल्या राहण्याबद्दल त्यात काहीच नाही, कलम १९ चा अर्ज प्रलंबित आहे.

नवऱ्याला नोटीस बजावली गेली आहे, आदेशाची प्रत पोलीस ठाण्यातही आहे. पण ठाणे अंमलदार म्हणतात, "मुदत संपली." विधी सेवा प्राधिकरणाचे वकील पुढच्या आठवड्याशिवाय भेटणार नाहीत.

मधल्या काळात आदेश लागू आहे असं ताईंना सांगू का? की तारखेआधीच मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागेल, आणि तो त्या स्वतः देऊ शकतात का?