झेड-स्कोअर २.२५: माल उधार द्यावा का?

पुरवठादार: सुटे भाग बनवणाऱ्या एका सूचीबद्ध कंपनीला ९० दिवसांच्या उधारीवर कच्चा माल द्यायचाय. कंपनी बुडेल का हे ताळेबंदावरून जोखणारा ऑल्टमनचा झेड-स्कोअर २.२५, म्हणजे धोक्याच्या आणि सुरक्षित यांच्या मधल्या पट्ट्यात आलाय. एकूण मालमत्ता १०० धरली तर खेळतं भांडवल १०, साठलेला नफा १५, व्याज-करापूर्वीचा नफा ८, शेअर्सचं बाजारमूल्य ३६, देणी ६०, विक्री १३०. वर्षभरात तयार मालाचा साठा १४ वरून २२ झाला, विक्री मात्र तेवढीच. काय करावं?

कर्जविभाग: द्या. धोक्याची रेषा १.८१ ला आहे, ही कंपनी बरीच वर आहे. मधला पट्टा म्हणजे बुडण्याची शक्यता निम्मी-निम्मी, आणि ९० दिवसांसाठी एवढी जोखीम चालते.

ताळेबंदवाचक: निम्मी-निम्मी हे कुठून आलं? ऑल्टमननं १९६८ मध्ये ६६ उत्पादक कंपन्या घेतल्या, त्यातल्या ३३ बुडालेल्या. खऱ्या बाजारात निम्म्या कंपन्या बुडत नाहीत. मधल्या पट्ट्यात दोन्ही गटांची सरमिसळ झाली होती, एवढंच तो पट्टा सांगतो.

हा आकडा फोडून बघा, बाजारमूल्याला देण्यांनी आणि बाकी सगळ्याला मालमत्तेनं भागून:

```
1.2×0.10 + 1.4×0.15 + 3.3×0.08 + 0.6×0.60 + 1.0×1.30
= 0.12 + 0.21 + 0.26 + 0.36 + 1.30 = 2.25
```

निम्म्याहून जास्त गुण एकट्या विक्रीचे आहेत. माझं लक्ष मात्र साठ्याकडे जातं. न खपलेला माल खेळत्या भांडवलात धरला जातो, म्हणून कंपनी तगडी दिसते. त्यातला ६ चा माल निकामी निघाला तर मालमत्ता ९४, खेळतं भांडवल ४, साठलेला नफा ९ आणि व्याज-करापूर्वीचा नफा २ उरतो (कर बाजूला ठेवून). स्कोअर येतो २.००. त्यातही गंमत बघा, मालमत्ता घटल्यामुळे विक्रीचे गुण १.३८ पर्यंत चढतात. म्हणजे सूत्र घसरण थोडी झाकतं.

लघुउद्योजक: आमची खाजगी कंपनी आहे, बाजारमूल्यच नाही. मी पुस्तकी भांडवल टाकतो, १.७ येतो. बँकेनं याच कारणावरून कर्जाची मर्यादा वाढवली नाही.

ताळेबंदवाचक: तुमचं प्रकरण वेगळं आहे. खाजगी कंपनीसाठी ऑल्टमननं पुस्तकी भांडवल घेऊन वजनं बदलली, रेषाही १.२३ आणि २.९० केल्या. जुन्या वजनांत पुस्तकी भांडवल घालून आलेला १.७ कुठल्याच रेषेशी ताडता येत नाही. पुन्हा मोजा.

कर्जविभाग: निम्म्या-निम्म्याचं मागे घेतो. पण ६ चा माल निकामी हा तुमचा अंदाज. मोठ्या ऑर्डरसाठी साठा केला असेल तर?

ताळेबंदवाचक: असेल. म्हणूनच साठ्याची वयवार यादी मागवा. १८० दिवसांवरचा माल किती, ते कळलं की बोलू.

पुरवठादार: यादी मागितली, "लेखापरीक्षणानंतर देतो" म्हणाले. तोवर निम्मा माल रोखीत देतोय.

कर्जविभाग: यादी द्यायला वेळ लागणं हा काही पुरावा नाही. मी पूर्ण माल उधारीवरच दिला असता.