मिश्र क्षारांचं द्रावण: कॅल्शियमच्या गणितात पोटॅशियम क्लोराईड कशाला?

भुसावळ_टीवाय: गणित असं होतं. एकाच द्रावणात ०.००२ मोलल पोटॅशियम क्लोराईड आणि ०.००१ मोलल कॅल्शियम क्लोराईड, २५ अंशाला कॅल्शियम आयनचा ॲक्टिव्हिटी कोइफिशंट काढा, म्हणजे आहे त्यातला किती अंश कॅल्शियम प्रत्यक्षात सक्रिय असल्यासारखा वागतो तो आकडा. मी कॅल्शियम क्लोराईडची आयनिक स्ट्रेंथ घेतली ०.००३, उत्तर आलं ०.७७. सरांनी शून्य दिलं. विचारलंय कॅल्शियमचं, मग दुसरा क्षार मध्ये कशाला आणायचा? माझं म्हणणं, ज्याचं त्याचं वेगळं काढा, जास्तीचा क्षार पोरांना फसवायलाच दिलेला असतो.

जुनी_लॅब: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. धुळ्याला वीस वर्षं प्रॅक्टिकल घेतली, आणि हे "ज्याचं त्याचं वेगळं" दरवर्षी चार-पाच वह्यांत सापडायचं. बाळा, बाटलीत क्षार दोन टाकलेस पण पाण्यात गेल्यावर तिथे क्षार कुठेयत? पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्लोराईड, एवढेच आयन आहेत. कॅल्शियमभोवती जो क्लोराईडचा गराडा जमतो त्यातला कुठला क्लोराईड कुठल्या बाटलीतून आला हे कॅल्शियमला कळत नाही. पोटॅशियमसुद्धा त्या गराड्याच्या हिशोबात असतो, तो जवळपास जरा कमी फिरकतो इतकंच. म्हणून आयनिक स्ट्रेंथ आख्ख्या द्रावणाची एकच निघते.

आता हिशोब कर. पोटॅशियम ०.००२, कॅल्शियम ०.००१, आणि क्लोराईड दोन्हीकडचा मिळून ०.००४. पुढे जायच्या आधी एक मिनिट थांबून धन आणि ऋण प्रभार जुळतात का बघायचं: ०.००२ अधिक कॅल्शियमचे दुप्पट ०.००२, झाले ०.००४, तिकडे क्लोराईड ०.००४. जुळलं. जुळलं नाही तर क्लोराईड मोजताना चूक झालीय हे तिथेच कळतं, ९० टक्के पोरं इथेच घसरतात. मग प्रत्येकाला त्याच्या प्रभाराच्या वर्गाने गुणून बेरीज आणि निम्मं, ती आयनिक स्ट्रेंथ I, आणि ती डेबाय-ह्युकेलच्या लिमिटिंग लॉमधे घालायची:

```
I = ½ (0.002×1 + 0.001×4 + 0.004×1) = 0.005
log γ(Ca) = −0.509 × 4 × √0.005 = −0.144
γ(Ca) = 0.72
```

तुझं ०.७७ आणि हे ०.७२, यातला फरक म्हणजे तू सोडून दिलेला पोटॅशियम क्लोराईड. आणि वर्ग प्रत्येक आयनच्या स्वतःच्या प्रभाराचा घ्यायचा. कॅल्शियम क्लोराईडमधल्या क्लोराईडला पण चारने गुणलेल्या वह्या मी तपासल्यात.

यावल_सर: ताईंचा हिशोब बरोबर आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे. एकट्या कॅल्शियमचा कोइफिशंट मोजताच येत नाही, कुठल्याही प्रयोगात फक्त सरासरी मिळतो. मग असा प्रश्न परीक्षेत द्यायचाच कशाला? मी माझ्या पोरांना सांगून ठेवलंय, प्रश्नात "मीन" लिहिलेलं नसलं तरी मीनच काढा. कॅल्शियम क्लोराईडसाठी दोन गुणिले एक, म्हणजे ०.५०९ × २ × ०.०७०७, उत्तर ०.८५.

जुनी_लॅब: सर, एकट्या आयनचा मोजता येत नाही हे मान्य. पण लिमिटिंग लॉ एकेका आयनसाठीच निघतो, सरासरी त्यावरून बनते. कॅल्शियम ०.७२, क्लोराईड ०.९२. ०.७२ ला ०.९२ ने दोनदा गुणा, घनमूळ काढा, तुमचं ०.८५ च मिळतं. मग विरोध कुठे आहे? आणि पेपरात "कॅल्शियम आयनचा" असं स्पष्ट लिहिलेलं असताना पोराने ०.८५ लिहिलं तर त्याचे मार्क कोण देणार?

यावल_सर: मार्क जातील हे मला पण कळतं ताई. पण जी गोष्ट मोजता येत नाही ती खरी असल्यासारखी शिकवायची हे मला पटत नाही, १५ वर्षं शिकवतोय तरी नाही पटलं.

केळीबाग_रावेर: मले एक सांगा भो, हे आयनिक स्ट्रेंथ म्हणजे टीडीएसच ना? आमच्या बोअरच्या पाण्यानं ड्रिपरं पांढरी होऊ राह्यली, दोन वर्षांत लॅटरल बदलल्या. मीटरवर ८०० च्या वर आकडा येतो. पोरगं बीएस्सीले आहे, त्यानं ह्याच फॉर्म्युल्यानं काढलं आन् म्हणे बाबा कॅल्शियम निम्मंच काम करतं, काळजी नाही. मंग क्षार कुठून येतो?

भुसावळ_टीवाय: काका माझं गणित चालू आहे इथे.

केळीबाग_रावेर: तुह्या गणितानं माह्या नळ्या साफ व्हणार असतीन तर मी बी बसतो गणिताले.

तापीकाठ: काकांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे खरं तर. मी पाणी तपासणीच्या लॅबमधे काम करतो. टीडीएस आणि आयनिक स्ट्रेंथ एक नाहीत काका. लिटरमधे ५८५ मिलिग्रॅम साधं मीठ असेल तर आयनिक स्ट्रेंथ ०.०१० येते, तेवढंच वजन कॅल्शियम सल्फेटचं असेल तर ०.०१७, कारण तिथे दोन्ही आयन दुहेरी प्रभाराचे आणि वर्ग केल्यावर चारपट मोजले जातात. वजन सारखं, परिणाम वेगळा. तुमच्या रिपोर्टमधे काय काय आहे ते टाका.

केळीबाग_रावेर: कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ४९, सोडियम ११५, बायकार्बोनेट ३६६, क्लोराईड १७७, सल्फेट ९६. सगळं मिलिग्रॅम लिटरले.

तापीकाठ: मिलिमोलमधे कॅल्शियम २, मॅग्नेशियम २, सोडियम ५, बायकार्बोनेट ६, क्लोराईड ५, सल्फेट १. धन प्रभार १३, ऋण प्रभार १३, रिपोर्ट चांगला आहे. वर्गांची बेरीज ३६, निम्मं १८, म्हणजे आयनिक स्ट्रेंथ ०.०१८. तुमच्या मुलाने लिमिटिंग लॉने काढलं असेल तर कॅल्शियमला ०.५३ आलं असणार, "निम्मं" तिथूनच आलं. पण इथे तो लॉ घसरतो. आयनचा आकार धरला तर छेदात एक पद येतं आणि उत्तर ०.६१ होतं.

जुनी_लॅब: नाव "लिमिटिंग" आहे ते यासाठीच, द्रावण विरळ होत होत शून्याकडे जातं तेव्हाची ती सीमा आहे. १९२३ साली डेबाय आणि ह्युकेलनी आयनला बिंदू धरून ते बसवलं. एकेरी प्रभाराच्या आयनला ०.०१ पर्यंत बरं चालतं, दुहेरीला त्याच्या बरंच आधी चूक दिसायला लागते. मूळ गणितात सुद्धा आकार धरला तर ०.७२ चं ०.७५ होतं. चूक कुठल्या बाजूला जाते तेही बघा, लिमिटिंग लॉ इथे जास्तच खाली ओढतो. ०.१ आयनिक स्ट्रेंथला कॅल्शियमसाठी ०.२३ देतो, तक्त्यात ०.४० च्या आसपास असतं.

यावल_सर: म्हणजे पेपरातल्या गणिताचं उत्तर सुद्धा खरं नाहीच, ०.७५ खरं! हेच तर मी म्हणत होतो.

जुनी_लॅब: प्रश्नात लिमिटिंग लॉने काढा म्हटलं असेल तर उत्तर ०.७२ च. खरं द्रावण काय करतं हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो वर्गात विचारला पाहिजे हे मात्र तुमचं मान्य करते.

सायन्स_पारोळा: कोणी तापमानाबद्दल बोलेल का? ते ०.५०९ फक्त २५ अंशाला. मे महिन्यात आमच्या लॅबमधे पंखा बंद असला की पारा ४० ला असतो आणि तिथे तो आकडा ०.५२ च्या पुढे जातो. दरवर्षी सांगतो, दरवर्षी ०.५०९ च पाठ करून येतात. एकदा वर्षभर माझं रीडिंग जुळत नव्हतं आणि शेवटी कारण...

तापीकाठ: त्याने कॅल्शियमचं ०.७२ चं फार तर ०.७१ होईल दादा. तुमचं रीडिंग न जुळायचं कारण दुसरंच असणार.

सायन्स_पारोळा: कारण दुसरंच होतं. तरी तापमान लिहायला पाहिजे.

भुसावळ_टीवाय: मला अजून पटलेलं नाही. गराडा वगैरे ठीक, पण पोटॅशियमचा कॅल्शियमशी रासायनिक संबंधच नाही, तर परिणाम होतो याचा पुरावा काय? हे सगळं कागदावरचं वाटतं.

जुनी_लॅब: पुरावा बाटलीत दिसतो. सिल्व्हर क्लोराईड साध्या पाण्यात अगदी थोडं विरघळतं. त्याच पाण्यात ०.०१ मोलर पोटॅशियम नायट्रेट टाक, ना सिल्व्हर वाढलं ना क्लोराईड वाढला, कशाशी अभिक्रिया नाही. तुझ्या म्हणण्याप्रमाणे काहीच बदलायला नको. प्रत्यक्षात ते सुमारे १२ टक्के जास्त विरघळतं. लिमिटिंग लॉने दोन्ही आयनचा कोइफिशंट ०.८९ येतो, विद्राव्यता तेवढ्या पटीने वाढायला हवी, एक भागिले ०.८९, म्हणजे तेच १२ टक्के. ज्या क्षाराचा "संबंधच नाही" त्याने हे केलं. लुईस आणि रँडॉलनी १९२१ मधे आयनिक स्ट्रेंथ मांडली तेव्हा अजून डेबाय-ह्युकेल नव्हतंच, मोजमापांवरूनच दिसलं होतं की परक्या क्षाराला धरावं लागतं.

भुसावळ_टीवाय: बरं. हे आधी सांगितलं असतं कोणी वर्गात तर मी पोस्ट टाकलीच नसती. पण शून्य तरी नको होतं, पायरीचे मार्क द्यायला पाहिजे होते, वर्ग मी बरोबर केले होते.

यावल_सर: पायरीचे मार्क द्यायला हवे होते, यात मी मुलाच्या बाजूने.

केळीबाग_रावेर: माह्यं राहूनच गेलं. ०.५३ का ०.६१, त्यानं नळ्या कमी भरतीन का जास्त?

तापीकाठ: दोन्हीत कॅल्शियम भरपूर सक्रिय आहे काका, "निम्मंच आहे म्हणून क्षार बसणार नाही" हा मुलाचा निष्कर्षच चुकीचा. क्षार बसेल की नाही हे कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि पीएच मिळून ठरवतात, आणि ०.५३ ऐवजी ०.६१ घेतल्याने लॉगच्या हिशोबात ०.१ च्या आत फरक पडतो. पीएच ०.३ ने चुकला तर त्याच्या तिप्पट गडबड. रिपोर्टमधला पीएच कधी मोजला होता?

केळीबाग_रावेर: बाटली भरली सोमवारी, लॅबमदी दिली गुरुवारी. गाडीतच होती.

तापीकाठ: मग तो पीएच सोडून द्या. जमिनीखालच्या पाण्यातून कार्बन डायऑक्साईड निघून जातो, पीएच चढतो, आणि बाटलीच्या तळाशी थोडा क्षार बसलेला असेल तर कॅल्शियमचा आकडाही खरा नाही. तळ बघितला होता का, पांढरा होता?

केळीबाग_रावेर: पांढरा व्हता. मले वाटलं बाटलीच जुनी आहे.

जुनी_लॅब: म्हणजे बोअरमधे कॅल्शियम ८० पेक्षा जास्त आहे. पुढच्या वेळी पीएच बोअरवर उभं राहून मोजा, आणि कॅल्शियमसाठी वेगळी बाटली घेऊन तिच्यात लॅबवाले देतील ते ॲसिड आधीच टाकून न्या. बायकार्बोनेटची बाटली मात्र ॲसिडची नको, ती काठोकाठ भरून त्याच दिवशी पोचवा.

केळीबाग_रावेर: दोन बाटल्या. पोराले उद्याच पाठवतो, आन् त्याले सांगतो फॉर्म्युला मागून, पहिले बाटलीचा तळ पाह्य.