मदत हवी आहे: चकलीच्या पाकिटावरची ओळ कानाला खटकते

आमच्या वहिनी भाजणीची चकली घरी करून विकतात. पाकिटावर छापायची ओळ मी लिहून दिली: 'चहासोबत चुरचुरीत चकली'. तिन्ही शब्द 'च'ने सुरू होणारे, अनुप्रास झाला म्हणून मी खूश होते. पण सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "चहापाशी अडखळायला होतंय गं."

मग लक्षात आलं. 'चहा'मधला च 'चित्र'सारखा, टाळूवरचा. 'चुरचुरीत' आणि 'चकली'मधला 'चमचा'सारखा, दातांमागचा. अक्षर एकच, पण उच्चार दोन. म्हणजे डोळ्यांना तिन्ही शब्द जुळलेले दिसतात, कानाला दोनच जुळलेले लागतात. अनुप्रास शेवटी कानासाठीच ना!

दुसरी अडचण 'चुरचुरीत'ची. हा शब्द ऐकला की मला चकली आठवण्याआधी फोडणी चुरचुरते, जखमही चुरचुरते. 'खुसखुशीत'मध्ये ख, स, श यांतून हवा सुटते, जिभेवर विरघळणाऱ्या करंजीला तो शोभतो. 'कुरकुरीत'मधला क मात्र तोडून येतो, पाठोपाठ र घरंगळतो. चकलीचा काटा दाताखाली मोडतो तेव्हा असाच आवाज येतो.

म्हणून आता 'काटेरी, कुरकुरीत, कडबोळ्याची थोरली बहीण' अशी ओळ सुचली आहे. इथे क सगळीकडे एकच आहे, पण 'चकली' हा शब्दच गेला. तो पाकिटावर वर मोठ्या अक्षरात असेलच, तेवढ्याने भागेल का? की 'कुरकुरीत काट्यांची चकली' एवढंच पुरे? कविता किंवा जाहिराती लिहिणाऱ्यांनी दोन्ही ओळी मोठ्याने म्हणून पाहा आणि सांगा. रविवारी छपाईला द्यायचं आहे.