प्रतिसाद: कार्यशाळा हा निकाल नव्हे

> आमच्या 8 शाळा आहेत. ‘तिसरीतलं प्रत्येक मूल समजून वाचेल’ या उद्दिष्टाखाली ‘शिक्षकांच्या 12 कार्यशाळा’ हा निकाल चालेल का?

नाही चालणार. उद्दिष्ट म्हणजे कुठे पोचायचं; निकाल म्हणजे तिथे पोचलो का, हे दाखवणारा मोजता येणारा आकडा. बाराही कार्यशाळा झाल्या आणि एकही मूल पुढे सरकलं नाही, तरी तक्त्यावर 100 टक्केच दिसेल. कार्यशाळा कामांच्या यादीत ठेवा. निकाल असा लिहा: ‘तिसरीच्या पटावरच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट सलग वाचणारी जूनमध्ये 40 टक्के, मार्चअखेर 70.’ जूनचा आकडा आधी स्वतः मोजून घ्या, नाहीतर 70 हा नुसता अंदाज.

छेद पटाचाच हवा. 50 च्या पटात चाचणीला 40 आली, 32 वाचली, तर हजेरीवर 80 टक्के, पटावर 64. कच्ची मुलं अनेकदा गैरहजर असतात, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता उद्दिष्टाशी नातं. तुम्ही ‘समजून’ म्हणता, पण वरचा निकाल फक्त वाचन मोजतो. गोष्टीवर दोन तोंडी प्रश्न जोडा; दोन्हींची उत्तरं देणारं मूलच मोजा. चाचणी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी घ्यावी. आणि आठही शाळांचे आकडे वेगवेगळे मांडा, कारण एकत्र सरासरीत मोठ्या शाळेमागे छोटी शाळा सहज झाकली जाते.