मदत हवी आहे: क्रॉस-लिमिटिंग असूनही लोड उतरताना भट्टीचा काळा धूर

हिंगणा_इन्स्ट्रुमेंट

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. बिलेट तापवायची भट्टी आहे, फर्नेस ऑइलवर. पूर्ण फायरिंगला तासाला ४०० किलो तेल आणि ५००० घनमीटर हवा लागते. दोन्ही मीटर याच आकड्यांना १०० टक्के धरून लावलेत, म्हणजे ६० टक्के तेलाला ६० टक्के हवा, हिशेब सोपा.

दिवाळीनंतर जुनं लिंकेज काढलं आणि पीएलसीत क्रॉस-लिमिटिंग टाकलं, म्हणजे चढताना हवा आधी वाढावी आणि उतरताना तेल आधी कमी व्हावं. थंड बिलेट आत गेले, मागणी वर गेली, तरी धूर नाही. छान. पण मिल थांबली आणि मागणी ८० वरून ४० वर उतरली, की चिमणीतून काळा भपका येतो आणि चार्जिंगच्या दारातून ज्वाळा बाहेर येतात. दहा-बारा सेकंदांत सगळं शांत. मी तर आजवर ऐकलं होतं की धूर लोड चढताना होतो. इथे उलटंच काहून होतंय?

बुटीबोरीवाला

भाऊ, आधी तेल किती गरम करता ते बघा. आमच्याकडे हीटर बंद पडला होता, तेल जाड राहायचं, बर्नरला फवाराच बसेना. दोन दिवस आम्ही हवेच्या मागे लागलो आणि दोष निघाला हीटरचा.

हिंगणा_इन्स्ट्रुमेंट

दादा, तेल ११० डिग्रीला स्थिर आहे. शिवाय तसं असतं तर धूर दिवसभर दिसला असता. आमच्याकडे तो फक्त उतरतानाच येतो.

शिफ्ट_इंचार्ज_नागपूर

मास्टरच्या आउटपुटला रॅम्प लावा. मिनिटाला १० टक्क्यांच्या वर हलू देऊ नका. आम्ही तेच केलं, धूर बंद. एवढी डोकेफोड कशाला?

धुराडं

रॅम्पने भपका लहान होईल, पण दोष आतच राहील. ज्या दिवशी कोणी घाईत मॅन्युअलमध्ये मागणी खाली ओढेल, त्या दिवशी परत दिसेल.

धूर फक्त उतरताना येतो, हीच मोठी खूण आहे. चढताना हवा वाढेपर्यंत तेलाला थांबवायचं काम तेलाच्या सेटपॉइंटमधल्या मिनिममचं. तो तुमच्याकडे नीट चालतोय. उतरताना तेल कमी होईपर्यंत हवेला धरून ठेवायचं काम मॅक्सिममचं. तोच कुठेतरी आंधळा झालाय. त्या दोन ओळी इथे टाका, आणि तेलाचा व्हॉल्व्ह नि हवेचा डॅम्पर यांना ८० वरून ४० वर यायला किती वेळ लागतो तेही सांगा.

हिंगणा_इन्स्ट्रुमेंट

डॅम्पर हवेवर चालणारा आहे, ४ सेकंद. तेलाचा व्हॉल्व्ह मोटरचा, १० सेकंद. ओळी अशा:

```
FuelSP := MIN(Demand, AirPV);
AirSP  := MAX(Demand, FuelSP);
```

धुराडं

सापडलं. दुसऱ्या ओळीत `FuelSP` घेतलाय, तिथे `FuelPV` हवा. मॅक्सिममला तुम्ही तेल किती मागितलं ते दाखवताय. तेल प्रत्यक्ष किती वाहतंय ते त्याला दिसतच नाही.

तुमचेच आकडे घ्या. मागणी ४० झाली, त्याच क्षणी `FuelSP` ४० झाला, मॅक्सिममने ४० आणि ४० मधला मोठा म्हणून ४० दिला. डॅम्पर चार सेकंदांत ४० वर आला. तोवर तेल सेकंदाला ४ टक्के उतरत ६४ वरच आहे. ६४ च्या तेलाला ४० ची हवा. किलोला साडेबारा घनमीटर म्हणजे गरजेपेक्षा साधारण १७ टक्के जास्त हवा तुम्ही ठेवलीय, पण या क्षणी ती गरजेच्या ७३ टक्क्यांवर आली. काळा धूर येणारच. दारात दिसतात त्या ज्वाळा म्हणजे आत न जळलेला वायू, बाहेर हवा मिळाली की पेटतो. तो रिक्युपरेटरमध्ये जाऊन पेटू लागला तर नळ्या जातील.

```
AirSP := MAX(Demand, FuelPV);
```

आता चौथ्या सेकंदाला हवा ६४ च्या खाली जाऊच शकणार नाही.

एक मात्र बघा. तेलाचा मीटर मेला आणि शून्य दाखवू लागला, तर कंट्रोलर तेल कमी पडतंय समजून व्हॉल्व्ह पूर्ण उघडेल, आणि हवा फक्त मागणीपुरतीच राहील. म्हणून मीटरचा सिग्नल खराब झाला की बर्नर ट्रिप झालाच पाहिजे. आणि हवेचा दाब कमी झाला की तेल तोडणारा स्विच पीएलसीच्या या गणितापासून वेगळा, वायरने जोडलेला हवा. तुमचा आहे ना चालू?

हिंगणा_इन्स्ट्रुमेंट

खरं सांगू? त्याला जंपर मारलाय. उगाच ट्रिप होतो म्हणून मागच्या कोणीतरी.

धुराडं

मग आधी तो काढा, प्रोग्राम नंतर. उगाच ट्रिप होत असेल तर इम्पल्स लाइन तपासा, पाणी किंवा धूळ असेल.

हिंगणा_इन्स्ट्रुमेंट

चार दिवसांनी लिहितोय. जंपर काढला, लाइनमध्ये खरंच चिखल होता. ओळ बदलली. ८० वरून ४० तीन वेळा उतरवून बघितलं, भपका नाही. ट्रेंडमध्ये हवा तेलाच्या मागून उतरताना दिसते.

पण नवीनच भानगड. मागणी ६० वर स्थिर असली तरी तेल ५८-५९ वर रेंगाळतं, वर चढतच नाही. हवेचा सिग्नल थोडा थरथरतो.

धुराडं

हवेचा सिग्नल खाली डुलला की मिनिमम तेलाला लगेच खाली ओढतो, वर डुलला तर मागणी आडवी येते. म्हणून तेल नेहमी खालच्या अंगाला राहतं. मिनिममला थोडी सूट द्या, `AirPV + 2.0`. फिल्टर वाढवू नका. आकडा उशिरा उतरेल, कंट्रोलर डॅम्पर जास्तच बंद करेल आणि धूर परत येईल.

शिफ्ट_इंचार्ज_नागपूर

थांबा राजेहो. ही सूट नागपूरच्या मे महिन्यात कुठून देणार? आमचा हवेचा मीटर ओरिफिसचा, जानेवारीत १५ डिग्रीला लावला होता. ४५ डिग्रीला हवा पातळ होते, मीटर तेवढाच आकडा दाखवतो आणि खरी हवा जवळपास ५ टक्के कमी असते. ते कळेपर्यंत आम्ही दोन उन्हाळे बर्नर साफ करत बसलो होतो.

धुराडं

हे बरोबर, आणि माझ्या सूचनेत एक खोट आहे. सरसकट २ ची सूट ६० वर किरकोळ, पण २५ च्या लो फायरला ती ८ टक्के होते. १७ ची जास्तीची हवा उन्हाळ्यात ११ वर आलेली, त्यातून हे गेलं की हाती ३ उरते. त्यापेक्षा गुणून द्या, `AirPV * 1.02`. आणि हवेचा मीटर कुठे आहे, रिक्युपरेटरच्या आधी की नंतर? तापमान भरपाई आहे?

हिंगणा_इन्स्ट्रुमेंट

आधी, ब्लोअरच्या तोंडाशी. भरपाई नाही. ऑक्सिजनचा प्रोब तर कधीचा बंद आहे.

शिफ्ट_इंचार्ज_नागपूर

मग मी तरी सूट देणार नाही. तेल एक टक्का कमी राहिलं तर राहू दे, बिलेट दोन मिनिटं उशिरा निघेल. आधी भरपाई टाका.

धुराडं

दोन मिनिटांवर मिलवाले भांडायला येतील, अनुभव आहे. मी गुणून दोन टक्के दिलेच असते.

हिंगणा_इन्स्ट्रुमेंट

सध्या सूट शून्य ठेवतो. शेजारच्या युनिटकडून हातातला फ्लू गॅस मीटर मिळतोय, रविवारी २५, ४० आणि ८० ला ऑक्सिजन घेतो. लो फायरला ३ टक्क्यांच्या खाली आला तर इथे परत येईन. तापमानाचा ट्रान्समीटर सक्शनला लावावा की डिलिव्हरीला, कोणी सांगेल का?