मदत हवी आहे: स्प्रिंग मधोमध कापली, पण झोक्यांचा हिशेब जुळत नाही

मुलुंडची_मेघना
लेक बारावीला आहे. तिच्या क्लासच्या पेपरात होतं की स्प्रिंगचे दोन सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दुप्पट ताठ होतो. मला काही पटेना. तार तीच, पोलाद तेच, मग तुकडा उलट लेचापेचा व्हायला हवा ना? शेवटी नागदेवीवरून ४० वेढ्यांची एक मऊ स्प्रिंग आणली आणि रविवारी करूनच बघितलं.

खिडकीच्या गजाला टांगली. १०० ग्रॅमच्या जागी २०० लावले की टोक आणखी ७ सेंमी खाली येत होतं. २०० ग्रॅमवर २० झोक्यांना १५.४ सेकंद लागले. मग बरोबर मधोमध कापली आणि एक तुकडा टांगला. आता तेवढ्याच जादा वजनाला जेमतेम ३.२ सेंमी, आणि २० झोके १०.२ सेकंदांत. म्हणजे ताठ झाली हे कबूल. पण लेकीच्या गणिताने १०.९ यायला हवे होते. ती म्हणते, "आई, तुला घड्याळ दाबता येत नाही." तीन वेळा मोजलंय हो!

चेंबूरचा_सच्या
सोप्पं आहे. अर्ध्या तुकड्याचा ताठपणा, म्हणजे k, दुप्पट, म्हणून फ्रिक्वेन्सीही दुप्पट. तुमचे २० झोके ७.७ सेकंदांत व्हायला हवेत. वजन नीट तपासा.

तात्या_ठाकूरद्वार
सचिनराव, अर्धं बरोबर. k दुप्पट होतो, पण एका झोक्याचा वेळ T = 2π√(m/k), त्यात k मुळाखाली बसलाय. फ्रिक्वेन्सी १.४१ पटच वाढणार. लेकीचे १०.९ तिथूनच आले.

मेघनाताई, ताठ का होते ते आधी बघू. वजन टांगलं की तो ताण पहिल्या वेढ्यालाही तेवढाच आणि चाळिसाव्यालाही तेवढाच. वेढ्यांमध्ये तो वाटून जात नाही, हीच खरी गोम. तुमच्या जादा १०० ग्रॅमला ४० वेढे मिळून ७ सेंमी उघडले, म्हणजे दर वेढा पावणेदोन मिलिमीटर. कापल्यावरही प्रत्येक वेढा तेवढाच उघडतो, त्याला शेजारी किती जण आहेत याची काय खबर! २० वेढ्यांचे झाले साडेतीन सेंमी. तेवढ्याच वजनाला निम्मंच लांबणं, म्हणून k दुप्पट. पोलाद जसं होतं तसंच आहे, ताणायला वेढे कमी उरले इतकंच.

पण तुम्हाला साडेतीन नाही, ३.२ आले. म्हणून विचारतो, कापलेल्या टोकाला हुक कशाचा केलात?

कुर्ल्याचा_इरफान
माझ्या जुन्या गाडीची पुढची स्प्रिंग गॅरेजवाल्याने दीड वेढा कापून दिली, गाडी खाली बसावी म्हणून. आता प्रत्येक खड्ड्याला कंबर मोडते. तेलाचा डॅम्पर बदलू का?

मुलुंडची_मेघना
तात्या, हुक त्याच तारेचा केला. पक्कडीने शेवटचे वेढे सरळ करून वाकवले. आत्ता मोजले, मधे १८च उरलेत!

तात्या_ठाकूरद्वार
सापडलं! हुकात गेलेला वेढा ताणाला उघडत नाही, त्याला धरायचंच नाही. ४० भागिले १८ म्हणजे k २.२२ पट. ७ सेंमीला २.२२ ने भागा, ३.१५ येतात, तुमच्या पट्टीवर ३.२ दिसले. फ्रिक्वेन्सी १.४९ पट, १५.४ चे झाले १०.३. उरलेला ०.१ बहुतेक स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा. झोक्यात तिचं साधारण एक तृतीयांश वजन टांगलेल्या वजनात मिळवावं लागतं, आणि कापल्यावर तेही निम्म्याने घटलं. स्प्रिंग किती ग्रॅमची होती?

मुलुंडची_मेघना
अख्खी साधारण ३०, किचनच्या काट्यावर.

तात्या_ठाकूरद्वार
म्हणजे आधी १० ग्रॅम मिळवायचे, नंतर ५. तेवढ्याने १०.३ चे १०.२ होतात.

चेंबूरचा_सच्या
तात्या, ०.१ सेकंद तर अंगठ्याचाच फरक असतो. तो स्प्रिंगच्या वजनाच्या नावावर कशाला टाकता? आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट होते हे मी नक्की कुठेतरी वाचलंय.

तात्या_ठाकूरद्वार
अंगठ्याचं मान्य. एवढ्या फरकावर पैज लावणार नाही, ५० झोके मोजल्याशिवाय कळायचं नाही. दुप्पट तुम्ही वाचलंत ते दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून त्यांना मिळून एकच वजन टांगल्याचं असेल. तिथे k चौपट होतो.

इरफानभाई, डॅम्पर बदलून कंबर वाचणार नाही. दीड वेढा गेला तेवढी स्प्रिंग कायमची ताठ झाली. शिवाय टोकाचा सपाट वेढा कापला असेल तर ती वाटीत नीट बसत नसेल, ते आधी बघून घ्या. नवी स्प्रिंगच टाका.

कुर्ल्याचा_इरफान
गॅरेजवाला म्हणतो कापलेली थोडी ताणून परत लांब करून देतो?

मुलुंडची_मेघना
दुसऱ्या तुकड्याला २० वेढे तसेच ठेवून वेगळ्या तारेचा हुक लावते. १०.९ च्या जवळ आले तर लेकीला भेळ, नाही आले तर मला.