बॅकपास दिसला की धावायचेच का?

डावा विंगर: चेंडू गोलरक्षकाकडे मागे गेला की सगळ्यांनी तुटून पडायचे, इतके हे सोपे आहे. 14 जानेवारी 2023 रोजी लिव्हरपूल ब्रायटनकडून 0-3 हरले ते निव्वळ आळसामुळे. बाकी ट्रिगरच्या, म्हणजे नेमक्या कोणत्या क्षणी झेपावायचे याच्या, चर्चा पुस्तकी आहेत.

जुना स्टॉपर: 'आळस' हा शब्द वाचून राहवले नाही. प्रशिक्षक डे झर्बी यांच्या त्या ब्रायटनमध्ये सेंटर-बॅक लुईस डंक चेंडूवर बुटाचा तळवा ठेवून उभा राहत असे आणि कोणी अंगावर येईपर्यंत पासच देत नसे. चेंडू स्थिर आहे, तोंड मैदानाकडे आहे, समोरचे सगळे दिसते आहे. अशा माणसावर धावून जाणारा स्ट्रायकर आपल्या पाठीमागची जागा उघडी करतो आणि पास नेमका तिथेच जातो. झेप घ्यायची ती चेंडू वाटेत असताना, तीही पास मंद किंवा उसळता असेल आणि घेणाऱ्याचे तोंड स्वतःच्या गोलकडे असेल तेव्हा. लिव्हरपूलचा स्ट्रायकर फिर्मिनो सरळ न धावता कमानीसारखा वळत असे, त्यामुळे दुसऱ्या सेंटर-बॅककडचा रस्ता आधीच बंद होई.

डावा विंगर: म्हणजे तो तळवा ठेवून नव्वद मिनिटे उभा राहिला, तर आपण हात बांधून पाहायचे?

जुना स्टॉपर: राहू द्या की! त्याच्या मिडफिल्डरला झाकून चार पावलांवर थांबावे. मात्र आपण एका गोलने मागे असू, तर हा उपाय चालत नाही, हे मान्य.

पेठेतला बॅक: तुमचे युरोप राहू द्या. कोल्हापुरात आम्ही ज्या खडबडीत मैदानावर सराव करायचो, तिथे प्रत्येक टच खराबच पडतो, मग प्रत्येक टचला धावायचे का? एकदा फुलबॅकच्या पायातून चेंडू निसटलेला पाहून मी झेपावलो आणि वळून पाहतो तो आमचा मिडफिल्ड तीस मीटर मागे. गोल झाला, बाहेर काढले मला, आणि मागे थांबलेल्यांना प्रशिक्षकांनी चकार शब्द ऐकवला नाही. म्हणून माझे मत असे, की निर्णय मागच्याने घ्यावा आणि 'जा' अशी हाक द्यावी.

जुना स्टॉपर: हाक येईपर्यंत त्या फुलबॅकने चेंडू ताब्यात घेतलेला असतो. जायचे पुढच्यानेच ठरवावे, पण खेळ थांबेल तेव्हा मागे पाहून अंतर मोजून ठेवावे, आणि पुढचा सुटला की मागच्यांनी प्रश्न न विचारता वर सरकावे. तुमची झेप बरोबर होती, मागचे चुकले.

पेठेतला बॅक: आणि मागच्यांना तो ट्रिगर वाटलाच नसेल तर?

डावा विंगर: ठीक आहे, बॅकपास हा नेहमीच ट्रिगर नसतो. लिव्हरपूल त्या दिवशी वाईट खेळले, हे तरी मानाल ना?

जुना स्टॉपर: वाईट खेळले. आळशी मात्र नव्हते.